नोकरी सोडताना ईसॉपचं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईसॉप म्हणजे कंपनी कर्मचाऱ्यांना देते ते शेअरचे ऑप्शन. त्याबद्दलचे प्रश्न माझ्याकडे दोनच वेळी येतात. एक, ऑफर लेटर हातात पडल्यावर. दुसरं, राजीनामा दिल्यावर. पहिल्या वेळी लोक निवांत असतात आणि फारसं विचारत नाहीत. दुसऱ्या वेळी मुदत सुरू झालेली असते. हे पान मुख्यतः त्या दुसऱ्या प्रसंगासाठी आहे: कंपनी अजून शेअर बाजारात नाही, काही ऑप्शन व्हेस्ट झालेत, आणि खिशातले पैसे घालून शेअर घ्यायचे की नाहीत हे ठरवायचंय.

खाली सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. ४,८०० ऑप्शन मिळाले. एक्सरसाइज प्राइस २०. व्हेस्टिंग चार वर्षांचं, पहिल्या वर्षाचा क्लिफ, त्यानंतर दरमहा समान. नोकरी सुटली ३१ महिन्यांनी. आकडे मुद्दाम सोपे ठेवलेत. चलन तुमचं जे असेल ते धरा.

१. ऑप्शन मिळाले म्हणजे मी कंपनीचा भागधारक झालो का?

नाही. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क. हक्क वापरून पैसे भरेपर्यंत तुमच्या नावावर एकही शेअर नसतो, त्यामुळे लाभांश नाही आणि मतही नाही.

चार तारखा वेगळ्या ओळखा. ग्रँटच्या दिवशी हक्क कबूल होतो. व्हेस्ट होण्याच्या दिवशी तो वापरण्याजोगा होतो. एक्सरसाइजच्या दिवशी तुम्ही पैसे भरता आणि शेअर तुमचे होतात. विक्रीच्या दिवशी, विक्री झालीच तर, पैसे हातात येतात. लिस्ट नसलेल्या कंपनीत तिसऱ्या आणि चौथ्या तारखेत कित्येक वर्षांचं अंतर पडू शकतं. या पानावरच्या बहुतेक अडचणी त्याच अंतरातल्या आहेत.

२. व्हेस्टिंग कसं मोजतात? पहिल्या वर्षी काहीच का मिळत नाही?

पहिल्या वर्षाच्या अटीला क्लिफ म्हणतात. अकरा महिने वीस दिवसांनी नोकरी सोडली तर शून्य. बारा महिने पूर्ण झाले की एकदम पाव हिस्सा, आपल्या उदाहरणात १,२०० ऑप्शन. त्यानंतर दरमहा १००. म्हणजे ३१ महिन्यांनी ३,१०० व्हेस्ट झालेले असतात आणि उरलेले १,७०० नोकरीबरोबर जातात. भारतात ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग यांत किमान एक वर्षाचं अंतर कायद्यानेच ठेवावं लागतं. बऱ्याच देशांत तसा कायदा नाही, तिथे क्लिफ हा केवळ रिवाज आहे.

'चार वर्षांचं व्हेस्टिंग' एवढं ऐकून मात्र समाधान मानू नका. काही योजनांत पहिल्या वर्षी १० टक्के, मग २०, मग ३० आणि चौथ्या वर्षी ४० टक्के असं मोजमाप असतं, तेही फक्त वर्ष पूर्ण झाल्यावर. अशा योजनेत ३१ महिन्यांनी हातात येतात ३० टक्के, म्हणजे १,४४० ऑप्शन. कालावधी तोच, ग्रँट तेवढंच, पण निम्म्याहून कमी. ग्रँट लेटरच्या शेवटी जोडलेला तक्ता बघितल्याशिवाय हे कळत नाही.

३. एक्सरसाइज प्राइस कोण ठरवतं? नंतर बदलते का?

ग्रँटच्या वेळी कंपनीचं संचालक मंडळ किंवा त्याची समिती ठरवते, आणि एरवी ती बदलत नाही. सगळी गंमत त्यातच आहे: शेअरची किंमत वाढत गेली तरी तुमचा भाव २०च राहतो.

अमेरिकी कंपन्या ही किंमत सहसा ग्रँटच्या दिवशीच्या फेअर मार्केट व्हॅल्यूएवढी, म्हणजे शेअरच्या त्या दिवशीच्या वाजवी किमतीएवढी, ठेवतात, कारण त्याहून कमी ठेवली तर तिथे कर्मचाऱ्यावर जबर कर पडतो. भारतात कंपनीला मोकळीक जास्त आहे, फक्त दर्शनी मूल्याच्या खाली जाता येत नाही. त्यामुळे बऱ्याच कंपन्या दर्शनी मूल्यालाच ऑप्शन देतात. हे ऐकायला फुकटासारखं वाटतं, पण भाव जितका कमी, तितका एक्सरसाइजच्या दिवशीचा कर मोठा. तो हिशेब प्रश्न ६ मध्ये आहे.

किंमत बदलण्याचा नेहमीचा प्रसंग म्हणजे शेअरचं विभाजन. एकाचे पाच झाले तर ४,८०० ऑप्शनचे २४,००० होतात आणि २० चे ४. तुमचं काही वाढलेलं नसतं, घटलेलंही नसतं. दुसरा प्रसंग क्वचित येतो: शेअरची किंमत तुमच्या भावाच्या खाली गेली, तर काही कंपन्या भाव कमी करून देतात. तशी अपेक्षा ठेवून बसू नका. बाजारात जो शेअर १५ ला आहे तो २० देऊन घेण्यात अर्थ नसतो, तेव्हा तो ऑप्शन तसाच पडू द्यायचा.

४. ऑफर लेटरमध्ये 'अमुक रकमेचे ईसॉप' लिहिलंय. मला नेमकं काय मिळणार?

त्या रकमेवरून काहीच कळत नाही. ती कुठल्या भावाने भागायची, गुंतवणूकदारांनी मोजलेल्या की फेअर मार्केट व्हॅल्यूच्या, हे लिहिलेलं नसतं. त्यातून एक्सरसाइज प्राइस वजा केली आहे की नाही, तेही नाही.

चार आकडे लेखी मागा: ऑप्शनची संख्या, एक्सरसाइज प्राइस, सध्याची फेअर मार्केट व्हॅल्यू, आणि सगळे ऑप्शन व परिवर्तनीय रोखे धरून कंपनीचे एकूण शेअर. शेवटचा आकडा नसेल तर ४,८०० हा कशाचा कितवा हिस्सा आहे ते समजत नाही. आणखी एक गोष्ट: ऑफर लेटर म्हणजे ग्रँट नव्हे. मंडळाची मंजुरी होऊन ग्रँट लेटर येतं, तेव्हाच ऑप्शन जन्माला येतो. रुजू झाल्यावर सहा महिने ग्रँट लेटर आलंच नाही आणि दरम्यान किंमत वाढली, असं घडतं. म्हणून पाठपुरावा करायचा.

५. व्हेस्ट झाल्या झाल्या एक्सरसाइज करावं का?

नोकरीत असाल आणि शेअर विकायची सोय नसेल, तर सहसा नाही. ऑप्शनचं मोल थांबता येण्यात आहे. पैसे न घालता तुम्ही किंमत वाढते का ते बघू शकता. नुसतं व्हेस्ट झाल्याने साधारणपणे कर लागत नाही. कंपनी बुडाली तर तुमचं काहीच जात नाही. एक्सरसाइज केल्या क्षणी हे सगळं संपतं आणि तुम्ही स्वतःच्या पैशाने एका कंपनीत गुंतवणूक केलेली असते, त्याच कंपनीत जिथून तुमचा पगारही येतो.

तरी लवकर करण्याला काही कारणं आहेत. फेअर मार्केट व्हॅल्यू अजून तुमच्या भावाजवळ असेल, तर फरक लहान म्हणून करही लहान. पुढच्या महिन्यात नवी गुंतवणूक येऊन ती व्हॅल्यू उडी मारणार हे दिसत असेल, तर आधी घेतलेलं बरं. शिवाय दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यासाठीचे दिवस एक्सरसाइजपासून मोजले जातात. पण ही कारणं ज्याला ती रक्कम गेली तरी चालेल, त्याच्यासाठी आहेत.

६. एक्सरसाइज करताना खिशातून एकूण किती जातात?

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून सावकाश बघू.

व्हेस्ट झालेले ऑप्शन ३,१००, भाव २०. म्हणजे कंपनीला द्यायचे ६२,०००. बहुतेक जण इथेच थांबतात आणि 'जमेल' म्हणतात.

आता धरा की त्या दिवशी फेअर मार्केट व्हॅल्यू १५० आहे. दर शेअरमागे १३० चा फायदा झाला असं करखातं मानतं. ३,१०० गुणिले १३०, म्हणजे ४,०३,०००. ही रक्कम त्या वर्षीच्या पगारात मिळवली जाते. कराचा दर सोयीसाठी ३० टक्के धरला तर कर झाला १,२०,९००. दोन्ही मिळून १,८२,९००. ज्याला तुम्ही ६२ हजारांचा व्यवहार समजत होता, तो जवळपास तिप्पट निघाला.

हा कर कंपनी पगारातून कापते. तुम्ही नोकरी सोडली असेल तर कापायला पगार उरत नाही, म्हणून कंपनी कराचे पैसे आगाऊ तिच्या खात्यात भरायला सांगते आणि त्यानंतरच शेअर देते.

आता १,८२,९०० ला ३,१०० ने भागा. उत्तर येतं ५९. कागदावर तुमचा भाव २० असला तरी तुमच्या खिशाच्या दृष्टीने शेअर पडला ५९ ला. पुढे कधीतरी तो ५९ च्या वर विकला गेला तरच तुम्ही फायद्यात. मला कोणी विचारलं की एक्सरसाइज करू का, तर मी आधी हाच आकडा काढायला सांगतो. १५० आणि २० यांची तुलना करणारा माणूस खूश असतो. १५० आणि ५९ यांची करणारा जरा गप्प होतो. आणि १५० हा आकडा खरा किती, ते प्रश्न ९ मध्ये कळल्यावर आणखी गप्प होतो.

अतिरिक्त ४ लाखांमुळे तुम्ही वरच्या टप्प्यात ढकलले गेलात तर दर ३० वर थांबेलच असं नाही. तुमच्या मुदतीच्या मध्ये आर्थिक वर्ष संपत असेल, तर अर्धे ऑप्शन वर्ष संपण्याआधी आणि अर्धे नंतर घेऊन उत्पन्न दोन वर्षांत विभागता येतं. हे जमेल तेव्हा करा, फुकट आहे.

७. मी शेअर विकलेच नाहीत, मग कर कशाचा?

बाजारभावापेक्षा स्वस्तात वस्तू मिळाली, ती नोकरीमुळे मिळाली, म्हणून तो पगाराचाच भाग. भारतात असंच धरतात, आणि अमेरिकेतही साध्या ऑप्शनना हाच नियम आहे. हातात रोकड आली की नाही याचा त्यात विचार नाही. भारतात लिस्ट नसलेल्या कंपनीच्या शेअरची ही व्हॅल्यू मर्चंट बँकर ठरवून देतो, आणि ती एक्सरसाइजच्या आधीच्या १८० दिवसांतली असावी लागते.

भारतात पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांसाठी हा कर साधारण पाच वर्षांपर्यंत पुढे ढकलण्याची सवलत आहे. त्याची बातमी वाचून लोक निश्चिंत होतात. पण ती संपण्याचे तीन प्रसंग आहेत: मुदत संपली, शेअर विकले, किंवा नोकरी सोडली, यांतलं जे आधी घडेल ते. म्हणजे राजीनामा देऊन एक्सरसाइज करणाऱ्याला तिचा उपयोग नाही. मान्यता मिळालेला प्रत्येक स्टार्टअपही तिला पात्र नसतो.

अमेरिकेत आणखी एक प्रकार आहे, त्याला इन्सेंटिव्ह स्टॉक ऑप्शन म्हणतात. त्यात एक्सरसाइजच्या वेळी नेहमीचा आयकर लागत नाही, मात्र अल्टरनेटिव्ह मिनिमम टॅक्स नावाचा समांतर कर लागू शकतो. २००० साली डॉट-कॉमच्या तेजीत अनेकांनी असे ऑप्शन घेतले आणि शेअर न विकता ठेवले. वर्षअखेरपर्यंत आणि त्यानंतर भाव कोसळले, पण कर एक्सरसाइजच्या दिवशीच्या भावावर आला. शेअरची एकूण किंमत कराच्या रकमेपेक्षा कमी, अशी वेळ त्यांच्यावर आली.

८. नंतर किंमत पडली तर भरलेला कर परत मिळतो का?

नाही. पगार म्हणून भरलेला कर पगाराचाच राहतो. भांडवली नफा-तोटा मोजताना तुमची खरेदी किंमत १५० धरतात, २० नव्हे. म्हणून शेअर ५० ला विकला तर कागदावर दर शेअरमागे १०० चा, एकूण ३,१०,००० चा भांडवली तोटा दिसतो. खिशातून मात्र २७,९०० गेलेले असतात, कारण १,८२,९०० घातले आणि १,५५,००० आले.

हा तोटा भारतात पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो. अमेरिकेत इतर उत्पन्नातून वर्षाला ३,००० डॉलरपर्यंतच वजा करता येतो. म्हणजे ज्या ४ लाखांवर कर भरला, ते कधी मिळालेच नाहीत, आणि त्याची भरपाई व्हायला दुसरीकडे कुठेतरी भांडवली नफा व्हायला हवा. लिस्ट नसलेल्या कंपनीत आणखी एक पेच आहे. कंपनी धुगधुगत राहिली आणि शेअर घ्यायला कोणीच नसेल, तर विक्रीच होत नाही, म्हणून तोटाही दाखवता येत नाही.

९. बातमीत कंपनीचं मूल्य २०० कोटी आहे. मग माझ्या शेअरची किंमत तेवढ्या हिशेबाने धरू ना?

नका धरू. बातमीतला आकडा नव्या गुंतवणूकदाराने दिलेल्या भावाला सगळ्या शेअरच्या संख्येने गुणून काढलेला असतो. पण त्याने घेतलेला शेअर आणि तुमचा शेअर एक नाही. त्याचा प्रेफरन्स शेअर आहे. कंपनी विकली गेली तर आधी त्याचे पैसे परत, मग उरलेलं बाकीच्यांना.

आकड्यांत बघा. कंपनीचे सगळे मिळून १ कोटी शेअर आहेत. गुंतवणूकदारांनी ६० कोटी देऊन ३० लाख शेअर घेतले, म्हणजे २०० ला एक. २०० गुणिले १ कोटी, झाले २०० कोटी. हीच ती बातमी.

दोन वर्षांनी कंपनी ९५ कोटींना विकली गेली. साधा भागाकार सांगतो, शेअरला ९५. तुमची मर्यादा ५९ ची होती, म्हणजे तुम्ही फायद्यात! पण गुंतवणूकदार आपला प्रेफरन्स वापरून आधी ६० कोटी उचलतात. साध्या शेअरधारकांच्या रांगेत बसून ३० टक्के घेतले असते तर त्यांना साडेअठ्ठावीस कोटीच मिळाले असते, मग ते रांगेत कशाला बसतील? उरले ३५ कोटी, आणि वाटेकरी ७० लाख शेअर. तुमच्या वाट्याला येतात ५०. तोटा.

या कंपनीत तुम्हाला ५९ मिळण्यासाठी विक्री १०१ कोटींच्या पुढे व्हायला हवी. हा सगळ्यात साधा प्रकार झाला. काही करारांत गुंतवणूकदार आधी पैसे परत घेतात आणि वर उरलेल्यातही वाटा घेतात, किंवा घातलेल्याच्या दुप्पट घेतात. म्हणून कंपनीने आजवर एकूण किती भांडवल उभं केलं हे विचारा. ती रक्कम संभाव्य विक्री किमतीच्या जवळ असेल तर साध्या शेअरला फार काही उरत नाही. आयपीओ झाला तर मात्र प्रेफरन्स शेअर सहसा साध्या शेअरमध्ये बदलतात आणि ही रांग मोडते.

१०. राजीनाम्यानंतर एक्सरसाइज करायला किती दिवस मिळतात?

योजनेत लिहिलं असेल तेवढे. पुष्कळ ठिकाणी ९० दिवस असतात. त्याचं मूळ अमेरिकेच्या करकायद्यात आहे: इन्सेंटिव्ह स्टॉक ऑप्शनची करसवलत नोकरी सुटल्यापासून तीन महिन्यांतच टिकते. कंपन्यांनी तोच आकडा सगळ्यांना लावला आणि तो जगभर पसरला. तुमच्या देशात त्या सवलतीचा संबंध नसला तरी योजना कुठल्यातरी नमुन्यावरून उतरवलेली असते. काही कंपन्या आता बरीच वर्षं देतात, काही ३० दिवसही देत नाहीत.

दिवस कधीपासून मोजायचे हे नीट वाचा. माझं स्वतःचं एक ग्रँट यातच गेलं. मी शेवटच्या दिवसापासून ९० मोजत होतो. योजनेत 'राजीनामा दिल्याच्या तारखेपासून' असं होतं आणि नोटीस पीरियडच ६० दिवसांचा होता. अर्ज घेऊन गेलो तेव्हा मुदत संपून आठवडा झाला होता. कंपनीने नियमाप्रमाणेच केलं. मला राग आला तो स्वतःचा, कारण तो कागद तीन वर्षं माझ्या कपाटात होता.

गैरवर्तनावरून काढलं तर बहुतेक योजनांत व्हेस्ट झालेलेही ऑप्शन जातात. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर मुदत सहसा जास्त असते आणि वारसांना हक्क मिळतो. घरच्यांना ग्रँट लेटर कुठे आहे ते माहीत असू द्या.

११. नोटीस पीरियडमध्ये व्हेस्टिंग चालू राहतं का?

बऱ्याचदा शेवटच्या दिवसापर्यंत चालू राहतं, पण काही योजना राजीनाम्याच्या तारखेलाच थांबवतात. आपल्या उदाहरणात दोन महिन्यांचा फरक म्हणजे २०० ऑप्शन. क्लिफ पूर्ण व्हायला तीन आठवडे उरले असतील, तर आधी हे वाचा आणि मगच राजीनाम्याचा मेल पाठवा.

१२. एवढे पैसे नाहीत, पण सोडून द्यायलाही जीव होत नाही. काय करू?

सगळेच घेतले पाहिजेत असं नाही. ३,१०० पैकी १,००० घेतले तर खर्च ५९,०००. ही रक्कम बुडाली तरी झोप उडणार नाही, एवढेच घ्यायचे. अर्धवट एक्सरसाइजची सोय जवळपास सगळ्या योजनांत असते आणि ती कोणी वापरत नाही, याचं मला नवल वाटतं.

दुसरा रस्ता, मुदत वाढवून मागणे. जाताना संबंध चांगले असतील तर हे मागण्यात गैर काही नाही, आणि मंजुरी मिळाली तर ती लेखी घ्या. तिसरा, कंपनी लवकरच बायबॅक, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घेणं, करणार आहे का ते विचारा. बायबॅकमध्ये कधीकधी व्हेस्ट झालेले ऑप्शन थेट रोखीने घेतले जातात आणि तुम्हाला काही भरावं लागत नाही.

काही शेअर लगेच विकून त्यातून भाव आणि कर चुकवायचा, ही पद्धत तुम्ही ऐकली असेल. ती लिस्टेड कंपनीत चालते, कारण तिथे खरेदीदार असतो. इथे सहसा नसतो. कर्ज काढून एक्सरसाइज करू नका. दर महिन्याचा हप्ता नक्की असतो, शेअर विकला जाण्याची तारीख नसते.

१३. एक्सरसाइज केल्यावर शेअर कायमचे माझे, बरोबर?

नावावर तुमचे, पण मोकळे नाहीत. लिस्ट नसलेल्या कंपनीत विकण्याआधी कंपनीला किंवा जुन्या भागधारकांना विचारावं लागतं, त्यांना आधी घेण्याचा हक्क असतो. बहुसंख्य भागधारकांनी कंपनी विकायचं ठरवलं तर तुम्हालाही त्याच सौद्यात शेअर द्यावे लागतात. आणि काही योजनांत, नोकरी सोडणाऱ्याचे शेअर कंपनी परत विकत घेऊ शकते. कोणत्या भावाने, तेवढंच शोधा. त्या दिवशीच्या फेअर मार्केट व्हॅल्यूने असेल तर ठीक. तुम्ही भरलेल्या एक्सरसाइज प्राइसने असेल तर १,८२,९०० घालून ६२,००० परत मिळण्याची शक्यता आहे. असं कलम दिसलं तर मी एक्सरसाइज करणार नाही.

१४. कंपनी विकली गेली तर व्हेस्ट न झालेल्या ऑप्शनचं काय?

आपोआप काही मिळत नाही. नवा मालक ते पुढे चालू ठेवू शकतो, त्याच्या कंपनीचे ऑप्शन बदलून देऊ शकतो किंवा रद्द करू शकतो. काही करारांत विक्री झाली की उरलेलं व्हेस्टिंग एकदम पूर्ण होतं. त्याहून जास्त आढळणारी अट दुहेरी आहे: विक्री झाली पाहिजे आणि त्यानंतर ठरावीक काळात तुम्हाला कामावरून काढलं गेलं पाहिजे. विक्रीचा भाव तुमच्या एक्सरसाइज प्राइसच्या खाली असेल, तर व्हेस्ट झालेले ऑप्शनही बिनमोबदला रद्द होऊ शकतात. साध्या शेअरच्या वाट्याला किती येतं, ते प्रश्न ९ प्रमाणे काढा.

१५. आयपीओ आला की लगेच विकता येतात का?

अमेरिकेत सहसा १८० दिवस थांबावं लागतं, आयपीओ आणणाऱ्या बँकांशी झालेल्या कराराने. भारतात आयपीओआधीच्या इतर बहुतेक भागधारकांवर लॉक-इन असतं, पण ईसॉपमधून कर्मचाऱ्यांना मिळालेल्या शेअरना त्यातून सूट आहे. मात्र नोकरीत असाल तर कंपनीच्या अंतर्गत व्यवहाराच्या खिडक्या पाळाव्या लागतात, निकालाच्या आधी त्या बंद असतात.

१६. एचआर फेअर मार्केट व्हॅल्यू सांगायलाच तयार नाही. मग हिशेब कसा करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. 'गोपनीय आहे' हे उत्तर ठोकळेबाज असतं, कारण एक्सरसाइजच्या दिवशी कर कापायला कंपनीला ती काढावीच लागते आणि कागदपत्रांत तुम्हाला दिसणारच असते. तेव्हा व्हॅल्यू मागू नका. असं लिहा: 'मी अमुक तारखेला ३,१०० ऑप्शन एक्सरसाइज करण्याचा विचार करतो आहे. अर्ज देण्याआधी एक्सरसाइजची रक्कम आणि कापला जाणारा अंदाजे कर लेखी कळवावा.' हा मेल एचआरबरोबर वित्त विभागालाही जाऊ द्या. कराचा आकडा आला की तो तुमच्या दराने भागा, आलेल्या रकमेला ऑप्शनच्या संख्येने भागा आणि त्यात एक्सरसाइज प्राइस मिळवा. १,२०,९०० भागिले ०.३०, भागिले ३,१००, अधिक २०: आले १५०. उत्तरात नुसतं 'लागू असेल तो कर' असं आलं, तर अर्जावर सही न करता तोच मेल पुन्हा पाठवा, आणि मुदतीचे किती दिवस उरलेत ते त्यात लिहा.